धोंड्याच्या महिन्यातला नवरा

परवा आईचा फोन आला. यंदा धोंड्याचा महिना भर उन्हात आलाय, ज्येष्ठात, तर जावयाला कोणत्या रविवारी पाठवतेस ते आत्ताच सांग, म्हणाली. म्हणजे अनारशांचे तांदूळ भिजत घालायचा दिवस तिला ठरवता येईल. मी कॅलेंडर काढलं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अधिक’ लिहिलेलं होतं. मला उगीचच हसू आलं, आणि मग बराच वेळ मी कॅलेंडरसमोर नुसतीच उभी राहिले.

तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना तसा बिनकामाचा. त्यात लग्न होत नाही, मुंज होत नाही, घरभरणी होत नाही. वर्षाच्या हिशोबात बसला नाही म्हणून जास्तीचा जोडलेला. पण जावयाला मात्र तो दिवाळीपेक्षा मोठा. आणि माझ्यापुरतं विचाराल तर मी माझ्या नवऱ्याला ओळखायला लागले ती मागच्या धोंड्यात. लग्न त्याआधीच झालं होतं. ओळख नंतर झाली, तीसुद्धा एकमेकांपासून पाऊण तासाच्या अंतरावर राहून.

माझं माहेर अंबाजोगाईचं, सासर परळीचं. मधे एक घाट आणि एसटीचं एक तिकीट. मी तेव्हा अंबाजोगाईत एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होते. बालाजी परळीला थर्मलमध्ये, म्हणजे तिथल्या वीज केंद्रात, टेक्निशियन. त्याच्या मामांच्या ओळखीतून बायोडाटा आला, रास जुळली, नाडी जुळली, आणि एका रविवारी माणसं आली. पोहे झाले, चहा झाला, आणि नव्या रीतीप्रमाणे आम्हाला दहा मिनिटं गच्चीवर पाठवण्यात आलं. गच्चीवर आईने कुरडया वाळत घातल्या होत्या. आम्ही त्या कुरडयांच्या अलीकडे आणि पलीकडे उभे राहिलो.

मी विचारलं, लग्नानंतर नोकरी चालेल का? तो म्हणाला, हो. मी विचारलं, शिफ्ट ड्युटी असते का? हो. परळीत राखेचा त्रास होतो का? हो. आणखी काय विचारावं ते मला सुचेना, म्हणून मी विचारलं, कुरडया आवडतात का? त्यालाही तो हो म्हणाला. खाली आल्यावर आईने डोळ्यांनी विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, चांगला वाटतो. त्याला चार प्रश्न विचारून चार ‘हो’ मिळाले होते, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी त्याच्या मामांचा फोन आला की पोरगी पसंत आहे. आमच्याकडून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, होकार कळवला. मला विचारलं होतं, नाही असं नाही. मी म्हटलं होतं, तुम्ही म्हणाल तसं.

लग्नानंतर मी सासरी बावीस दिवस होते. त्या बावीस दिवसांचं आता आठवलं की वाटतं, आम्ही दोघं एखाद्या लांबच्या नातेवाइकाकडे मुक्कामाला आलेले पाहुणे होतो. घरात माणसंच माणसं. सत्यनारायण झाला, तुळजापूर झालं. तुळजापूरला जाताना जीपमध्ये तो पुढे ड्रायव्हरशेजारी आणि मी मागे दोन आत्यांच्या मधे. देवीसमोर जोडीने उभं राहिलो तेवढाच काय तो सहवास. खोली आमची होती, पण तिच्यात आहेराची भांडी, पंखे आणि दोन पिंपं रचलेली होती. त्याने पहिल्याच दिवशी मान खाली घालून सांगितलं होतं की कशाचीच घाई नाही, तुम्ही आधी रुळा. मी त्याला ‘तुम्ही’ म्हणायची, तोही मला ‘तुम्ही’. मला ते ऐकून हायसं वाटलं होतं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच काळजी वाटली. मैत्रिणी फोनवर खिदळत विचारत, काय गं, कसं चाललंय? काय सांगणार होते? की ते दात घासताना नळ बंद ठेवतात, आणि टॉवेल दोरीवर अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून टाकतात? मला त्याच्याबद्दल तेवढंच ठाऊक होतं. राग नव्हता, भीती नव्हती. प्रेमही नव्हतं. रोज सकाळी मी स्वतःला तपासून बघत असे, आज काही वाटतंय का. रिपोर्ट रोज तोच यायचा.

आणि मग आषाढ लागला. नव्या सुनेने पहिल्या आषाढात सासरी राहायचं नाही, ते सासूला बाधतं. तसा ज्येष्ठही वाईट, पण तो थोरल्या दिराला, आणि मला थोरला दीरच नसल्यामुळे तो सुटला होता. त्या वर्षी गंमत अशी की आषाढ संपला की लगेच अधिक श्रावण. आणि अधिक महिन्यात नवी नवरी सासरी राहिली तर ते खुद्द नवऱ्याला वाईट. माझ्या सासूबाई मोठ्या प्रेमळ, पण स्वतःच्या जिवाला आणि लेकाच्या जिवाला एकाच वेळी घोर लावून घेणाऱ्या नव्हेत. त्यांनी माझी बॅग स्वतः भरली. अण्णा घ्यायला आले. दोन महिने.

बस घाट चढायला लागली तेव्हा मला मोकळं मोकळं वाटलं. खोटं कशाला बोलू. खिडकीतून वारा आला, मी डोक्यावरचा पदर सोडून दिला, आणि अण्णांच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपले.

दुसऱ्याच आठवड्यात मी लॅबमध्ये परत कामाला लागले. लॅबचे सर म्हणाले, जागा रिकामीच आहे, ये. ओळखीचं काम, ओळखीचा स्पिरिटचा वास. लग्न झालं होतं हे हातातल्या हिरव्या चुड्यावरून कळायचं, आणि रोज येणाऱ्या फोनवरून.

फोनची वेळ ठरलेली असे. शिफ्टप्रमाणे ती बदलायची, पण आदल्या दिवशी तो सांगून ठेवायचा. जेवलात का? हो, तुम्ही? हो. पाऊस आहे का तिकडं? भुरभुर. मग दोघं गप्प. त्याच्या बाजूने कुठलं तरी मशीन घरघरत असायचं. सात-आठ मिनिटं अशी काढल्यावर तो म्हणायचा, ठेवू का? मी म्हणायची, ठेवा. आई स्वयंपाकघरातून कान देऊन असायची, तिला हे संभाषण कमालीचं सभ्य वाटायचं.

गप्पांना विषय मिळाला तो माझ्या पेशंटांमुळे. एके दिवशी एक पहिलवान गडी सुई बघून खुर्चीतच आडवा झाला, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. हे मी सांगितलं आणि फोनच्या पलीकडून हसू आलं. मी त्याला पहिल्यांदा हसताना ऐकलं. मोठं, घशातून येणारं, जरा बावळट हसू. बावीस दिवसांत हे कुठे लपवलं होतं कोण जाणे. मग मी रोज काहीतरी सांगायला लागले. दिवसभरात काही घडलं की मनात आधी येई, हे आज सांगता येईल. आषाढाच्या अखेरीला आमचा फोन पंचवीस मिनिटांवर गेला होता.

एक दिवस फोन आला नाही. मी मोबाईल दोनदा बघितला, मग चार्जिंगला लावून आणखी चारदा बघितला. रात्री मेसेज आला, एका दोस्ताच्या घरी कार्यक्रम होता, त्याची ड्युटी मी केली, सोळा तास झाले, माफ करा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी सासूबाईंना सहज विचारलं तर त्या म्हणाल्या, “त्याचं लहानपणापासून आसंच हाय बघ. कुणी काय बी मागितलं तर त्याच्या तोंडातून न्हाई निघतच न्हाई. गाडी माग, नेली. पैसे माग, दिले. लई गरीब सोभाव.” त्यांनी हे कौतुकाने सांगितलं. मीही कौतुकाने ऐकलं. पण फोन ठेवल्यावर गच्चीवरचे चार ‘हो’ मला ओळीने आठवले.

अधिक महिना लागला आणि आईने धोंड्याची तयारी मांडली. जावई पहिला, धोंडा पहिला. पावसाळी हवेत अनारशाचं पीठ काही केल्या मनासारखं होईना, पहिला घाणा तुपात टाकला तर सगळे अनारसे हसले, म्हणजे विरघळून चुरा झाला. आई रडकुंडीला आली. तेहतीस लागतात, एक कमी चालत नाही. पुन्हा तांदूळ भिजवले, तीन दिवस पाणी बदललं. अण्णांनी शर्टाचं कापड आणलं, चांदीचं निरांजन आणलं.

बालाजी रविवारी आला, मोटारसायकलवर, नवा शर्ट घालून, हेल्मेटने चपटे झालेले केस हाताने बसवत. दीड महिन्याने बघत होते. फोनवरचा हसणारा माणूस आणि दारात चप्पल काढणारा हा माणूस एकच, हे पटायला मला जरा वेळ लागला. त्यालाही तसंच झालं असावं, कारण तो मला ‘नमस्कार’ म्हणाला. आई हसून आत पळाली.

पाटावर बसवून ओवाळलं, कपडे दिले, तेहतीस अनारशांचं वाण जाळीखाली झाकून हातात दिलं. मग ताट. धोंडे म्हणजे कणकेत पुरण भरून वाफवलेले गोळे, लिंबाएवढे म्हणायचे, पण आईच्या हातचे चांगले पेरूएवढे. त्यावर तूप, वर दूध. दोन खाल्ले की पोटात दगड बसतो, नावच मुळी धोंडा. आईने चार वाढले. त्याने खाल्ले. आईने विचारलं, आणखी? तो नुसता हसला. आमच्याकडे जावई हसला म्हणजे वाढायचं. सहा झाले. अण्णा म्हणाले, वाढ वाढ, तरणं पोरगं आहे. आठ झाले. मी दारात उभी होते. नवव्याला त्याच्या कपाळावर घाम आला. दहाव्याला तो घास चावत नव्हता, पाण्याबरोबर लोटत होता. अकरावा आईने हातानेच ताटात ठेवला आणि म्हणाली, माझ्या गळ्याची आण हाय, एवढाच.

रक्त काढताना मी असे पेशंट बघितलेले आहेत. सुई शिरेतून निसटते, हात काळानिळा होतो, आणि विचारलं, दुखतंय का, तर म्हणतात, न्हाई न्हाई, चालू द्या. मला अशा माणसांची कणव येते आणि रागही येतो. त्याच्याकडे बघता बघता मला कळलं. या माणसाला समोर ठेवलेलं नको म्हणता येत नाही. मग मीही अशीच याच्या ताटात वाढली गेले का? याच्या मामांनी वाढली, याच्या आईने आग्रह केला, आणि हा नुसता हसला?

हात धुवायला त्याला मागच्या अंगणात नेलं. तांब्याने पाणी घालता घालता मी विचारलं. आवाज खाली ठेवला होता.

“एक खरं सांगा. मला तुम्ही हो म्हणलात, का तुम्हाला न्हाई म्हणता आलं न्हाई?”

त्याने हात तसेच पुढे धरून ठेवले. पाणी संपलं तरी. मग म्हणाला, “सांगतो.” आणि टॉवेल न घेताच आत गेला. अर्ध्या तासात निघालासुद्धा. जाताना आईच्या पाया पडला, माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन. पोरगं पोट धरून पडलंय, दोन दिवसांची रजा टाकली. त्यांना धोंड्यांचा संशय आलाच नाही. त्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं, अधिक महिन्यात तू चुकून इकडं येऊन गेलतीस का, घराचा उंबरा ओलांडलातास का? मी म्हटलं, न्हाई हो आत्याबाई, त्यांनी अकरा धोंडे खाल्लेत.  मग त्या म्हणाल्या, अकरा म्हणजे काय लई न्हाईत.

त्यानंतर आठ दिवस फोन आला नाही. रोज एक मेसेज यायचा, ‘ड्युटीवर आहे. जेवलो.’ मीही लिहायची, ‘जेवले.’ त्या आठ दिवसांत मला कळलं की माझं काय पणाला लागलं होतं. घरच्यांच्या दृष्टीने सगळं ठरलेलंच होतं. अधिक संपणार, निज म्हणजे खरा श्रावण लागणार, मला सासरी नेऊन सोडणार. पण एखाद्याने संकोचापोटी गिळलेला घास होऊन मला आयुष्यभर राहायचं नव्हतं. आणि याहून वाईट म्हणजे, मला त्याच्या फोनची वाट बघायची सवय लागलेली होती. लॅबमध्ये काही गमतीचं घडलं की सांगायला तोंड उघडायचं आणि मिटायचं.

आज तीन वर्षांनी तो माणूस मला वाटेल ते तोंडावर सांगतो. भाजीत मीठ नाही. तुझ्या मैत्रिणीच्या लग्नाला मी येणार नाही, मला झोपायचंय. ही साडी तुला शोभत नाही. मी भांडते, भांडी आपटते. आणि भांडी आपटताना मनात कुठेतरी बरं वाटत असतं. हे बरं वाटणं मी त्याला सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

तर आठव्या दिवशी सकाळी लॅबमध्ये मी नंबर पुकारला आणि पडद्याआडून बालाजी आत आला. हातात पावती. उपाशीपोटी साखर, अशी तपासणी लिहिलेली. बाहेर भुरभुर पाऊस होता, त्याची बाही भिजली होती. परळीहून घाट चढून उपाशीपोटी आला होता, जी तपासणी परळीत गल्लोगल्ली होते तिच्यासाठी.  सर काचेपलीकडे बसलेले. खुर्ची दाखवली, बाही वर करायला सांगितली, दंडाला रबर बांधलं. मूठ आवळा म्हटलं. त्याचा हात मी पहिल्यांदाच असा नीट हातात घेत होते. शीर ठसठशीत होती, तीळ होता कोपराजवळ. हे बावीस दिवसांत दिसलं नव्हतं.

सवयीने विचारलं, भीती वाटते का?

“वाटते,” तो म्हणाला. “लई.”

पुरुष असं सांगत नाहीत. माझी सुई हातात तशीच राहिली.

मग खुर्चीत बसून, मान पलीकडे वळवून, तो बोलला. “तुमी विचारलं हुतं त्याचं उत्तर द्यायला आलोय. फोनवर आलं नसतं. मामा म्हणले पोरगी चांगली हाय, मी मान हलवली. तवा मला न्हाई म्हणता आलं न्हाई. हो म्हणलो, आसं बी न्हाई. तुमच्याबद्दल मला तवा काईच म्हायत नव्हतं.”

मला लागलं. पण लागलं ते आरपार स्वच्छ, चांगल्या सुईसारखं. दोन महिन्यांत कुणी माझ्याशी इतकं खरं बोललं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. मी म्हटलं, मीही अण्णांना तुम्ही म्हणाल तसं म्हटलं होतं. माझाही हो नव्हता.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “पर एक झालंय. तुमच्या फोनच्या वक्ताला दोघांनी माझ्याकडं ड्युटी बदलून मागितली. मी दोघास्नी न्हाई म्हणलो.”

“कधी?”

“धोंडे खायला यायच्या आधीच. दोनदा. दुसऱ्या वेळी तर त्यो दोस्त चार दिवस बोलला न्हाई माझ्याशी. आधी दोनदा म्हणता आलं नव्हतं, त्या दिवशी तुमास्नी फोन झाला न्हाई. मग म्हणलं, आता न्हाईच.”

मला रडू आलं. हो, लॅबमध्ये, सुई हातात, सर काचेपलीकडे. मला ते दोन नकार सोन्याच्या पाटल्यांपेक्षा मोठे वाटले. आयुष्यभर ज्याच्या तोंडातून तो शब्द निघाला नाही त्याने माझ्या पंचवीस मिनिटांच्या बडबडीसाठी तो दोनदा काढला होता. आणि मला कळवलंही नव्हतं. मी डोळे खांद्याला पुसले, रक्त काढलं, एका झटक्यात, जराही न दुखवता. कापूस दाबून धरायला सांगितला आणि मीच वरून माझा अंगठा दाबून धरला. नियमाप्रमाणे दोन मिनिटं धरायचा असतो. आम्ही पुष्कळ जास्त धरला. बाहेरून कुणीतरी ओरडलं, पुढचा नंबर घ्या की. साखर अगदी ठीक निघाली.

प्रेम जडलं ते त्याच वेळी, असं म्हणता येणार नाही. पिकासारखं ते कळत नाही कधी वर आलं ते. पण त्या दिवसानंतर सकाळी स्वतःला तपासून बघायचं मी सोडून दिलं.

निज श्रावण लागायला दोन दिवस होते तेव्हा आईने फर्मान काढलं. पहिली पंचमी माहेरची, झोका खेळायचा, हातावर मेंदी काढायची, मग अण्णा सोडायला येतील किंवा तिकडून कुणी न्यायला येईल. आपणहून उठून जायची रीत नाही. सासूबाईही हो म्हणाल्या होत्या, बालाजीही म्हणाला होता, राहा, पंचमी करूनच या. तो खरंच मनापासून म्हणत होता, आता मला त्याच्या आवाजातला फरक कळायला लागला होता.

मी आईला म्हटलं, नको. मी जाते.

आईला समजलंच नाही. मी तिला कशालाही कधी नको म्हटलं नव्हतं. कावून, काही झालं का तिकडं? काही नाही झालं, मला जायचंय. न्यायला कोण येणार? कुणी नाही, एसटी आहे.  तिने फडताळातून डबा काढला आणि उरलेला शेवचिवडा त्यात भरायला लागली. पाठ माझ्याकडे होती. “मला तुझ्या बापाला न्हाई म्हणायला धा वर्षं लागली,” ती म्हणाली, “तू मलाच म्हणून ऱ्हायली, ते बी दोन म्हैन्यांत.” ती रागावली होती की खूश झाली होती, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

निज श्रावणाच्या पहिल्या दिवशी मी बसमध्ये बसले. घाट उतरताना ऊन पडलं होतं, आणि लांबून चिमण्या दिसायला लागल्या, थर्मलच्या. परळीच्या स्टँडवर तो उभा होता, बसची वेळ तेवढी मी कळवली होती. सकाळची शिफ्ट संपवून थेट आलेला, शर्टाच्या खांद्यावर बारीक राख. मला एकटीला उतरताना बघून गोंधळला. अण्णा कुठायत म्हणाला. मी म्हटलं, आले नाहीत. घरचे काय म्हणले? काही म्हणाले नाहीत.

“मला ह्या वेळेला कुणी काय विचारलंच न्हाई,” मी म्हटलं. “मीच हो म्हणून आले.”

त्याने माझ्या हातातली बॅग घेतली. स्टँडवर निम्मी परळी उभी होती. तो भरभर चार पावलं पुढे गेला, मग थांबला, आणि मी बरोबरीला येईपर्यंत तिथेच उभा राहिला.